स्टँडअपचा सारांश: कालच्या सव्वानऊपासून आजच्या सव्वानऊपर्यंत

प्रश्न: निपाणीहून रोज बेळगावला येतो. सहाजणांच्या टीमचा लीड होऊन दोन महिने झाले. रोज सकाळी जिरा हा ट्रॅकर उघडून स्टँडअपचा सारांश लिहितो, पाऊण तास जातो. मॅनेजर म्हणतात, "हे तर मला बोर्डावर दिसतंच की." टीममध्येही कुणी वाचत नाही. ट्रॅकरवरून सारांश नेमका लिहायचा कसा?

उत्तर:

तुमच्या मॅनेजरांचं म्हणणं मनावर घ्या, कारण ते खरं आहे. कुठलं तिकीट कुठल्या खान्यात आहे हे बोर्ड सांगतोच, आणि तो उघडायला कुणाला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागत नाहीत. बोर्डावरून जे सहज दिसत नाही ते तुम्ही लिहायचं. माझ्या अनुभवात अशा तीनच गोष्टी असतात. कालपासून काय हललं आणि कुठल्या दिशेनं हललं, ही पहिली. हलायला हवं होतं पण जागेवरच बसलंय असं काय आहे, ही दुसरी. आणि बोर्ड स्वतःच्याच विरुद्ध कुठं बोलतोय, ही तिसरी. सारांशातली प्रत्येक ओळ या तिघांपैकी एकीतून आली पाहिजे. बाकीचं गाळलं तरी कुणाचं अडत नाही.

आमचं काम टिळकवाडीत चालतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांसाठी डिस्पॅच आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. टीम तुमच्याएवढीच. तेव्हा आमच्याच बोर्डावरचा एक दिवस घेऊन सांगतो. आधी माहिती कशी काढायची ते बघू, कारण पाऊण तास लागतो तो तिथंच.

सगळ्यात पहिली चूक वेळेच्या मोजमापात होते. बहुतेक जण फिल्टरमध्ये `-1d` लिहितात आणि त्याचा अर्थ 'काल' असा धरतात. जिरात त्याचा अर्थ 'आत्तापासून मागं चोवीस तास' असा आहे. काल तुम्ही सव्वानऊला सारांश काढलात आणि आज बस उशिरा आली म्हणून दहाला काढलात, तर काल सव्वानऊ ते दहा या वेळेतले बदल कालच्याही सारांशात येत नाहीत आणि आजच्याही नाहीत. सकाळी आल्या आल्या लोक तिकिटं सरकवतात ती नेमकी याच वेळात. सोमवारी तर शुक्रवारचा अख्खा दिवस हातातून जातो. म्हणून मागच्या सारांशाची वेळ लिहून ठेवा आणि फिल्टरमध्ये तीच टाका, `DSP` च्या जागी तुमच्या प्रोजेक्टची की घालून:

```
project = DSP AND (status CHANGED AFTER "2025/06/16 09:15"
  OR created >= "2025/06/16 09:15")
```

`created` चा भाग विसरू नका. काल संध्याकाळी नवीन उघडलेल्या तिकिटाची स्थिती अजून बदललेलीच नसते, त्यामुळे नुसत्या `status CHANGED` मध्ये ते येत नाही. ग्राहकानं दिवस संपताना टाकलेली तक्रार अशीच निसटते. आणखी एक, ही वेळ तुमच्या जिरा खात्यात जो टाइमझोन लावलाय त्याप्रमाणे धरली जाते. खातं उघडताना कुणी परदेशी टाइमझोन तसाच ठेवला असेल तर सगळी वेळ काही तासांनी सरकते. एकदा प्रोफाइलमध्ये जाऊन बघून घ्या.

दुसरी चूक `updated` वर विसंबण्याची. तिकिटात काहीही झालं की ती वेळ बदलते. कुणी कॉमेंट टाकली, लेबल लावलं, फाइल जोडली, सगळं त्यात धरलं जातं. मी ज्या मंगळवारची गोष्ट सांगणार आहे त्या सकाळी `updated` च्या फिल्टरमध्ये तेवीस तिकिटं आली होती. आदल्या दिवशी एकानं बऱ्याचशा तिकिटांना एकदम लेबल लावलं होतं, एवढंच त्याचं कारण. खरोखर हललेली तीन आणि नवीन एक, अशी चारच होती. तुमचा पाऊण तास बहुतेक अशी तेवीस तिकिटं एकेक उघडून बघण्यातच जात असणार.

आता जरा खोलात जातो, कारण इथं सारांशाचा जीव आहे. वरचं फिल्टर 'स्थिती बदलली' एवढंच सांगतं, कुठून कुठं बदलली ते सांगत नाही. समजा एक तिकीट काल सकाळी In Progress होतं, अकराला In Review मध्ये गेलं, आणि पावणेपाचला रिव्ह्यू करणाऱ्यानं ते परत In Progress मध्ये टाकलं. कालचा बोर्ड आणि आजचा बोर्ड शेजारी ठेवलात तर दोन्हीकडं ते एकाच खान्यात दिसेल. 'काहीच झालं नाही' असं तुम्ही लिहाल. प्रत्यक्षात कालच्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची बातमी तीच असते. काम झालं असं एकाला वाटलं होतं आणि दुसऱ्याला ते मान्य नाही, असा तिचा अर्थ. म्हणून फिल्टरमध्ये आलेल्या प्रत्येक तिकिटाचा History चा टॅब उघडा आणि फक्त स्थितीच्या ओळी वाचा. चार-पाच तिकिटांना तीन-चार मिनिटं लागतात. मागं आलेलं तिकीट दिसलं की कागदावर त्याच्यापुढं उलटा बाण काढायचा ही माझी सवय आहे. सारांशात तो उलटा बाण नेहमी वर येतो, पुढं गेलेली तिकिटं खाली.

जे हललं नाही ते शोधायला वेगळं फिल्टर लागतं:

```
project = DSP AND statusCategory = "In Progress"
  AND NOT status CHANGED AFTER -3d
```

इथं `statusCategory` मुद्दाम घेतलंय. In Review हा खाना साधारणपणे याच वर्गात मोडतो, त्यामुळे रिव्ह्यूत अडकलेली तिकिटंही सापडतात. तीन दिवस हा आकडा मात्र माझा आहे, तुम्ही तुमचा काढा. शेवटची वीस-पंचवीस पूर्ण झालेली तिकिटं बघा आणि काम सुरू झाल्यावर ती एका खान्यात साधारण किती दिवस थांबली ते मोजा. आमची बहुतेक तिकिटं तीन दिवसांत पुढं जातात, म्हणून त्यापलीकडचं ते 'बसलेलं'. आणि `-3d` मध्ये शनिवार-रविवारही मोजले जातात, तेव्हा सोमवार ते बुधवार मी तिथं `-5d` करतो. एखादं काम हातात घेतल्यापासून किती दिवस झाले, या मोजमापाला कानबानवाले कामाचं वय म्हणतात. मला विचाराल तर रोजच्या सारांशाला लागणारा आकडा हा एकच. किती तिकिटं पूर्ण झाली, किती पॉइंट झाले, हे आठवड्याचे आकडे आहेत. सकाळी सव्वानऊला त्यावर कुणाला काही करता येत नाही.

तिसरी गोष्ट विसंगतीची. याला एकच फिल्टर नाही, डोळे लागतात, पण नमुने ठरलेले असतात. तिकीट Done आहे आणि त्याचं उपतिकीट उघडंच आहे. तिकीट In Progress आहे पण ज्याच्या नावावर आहे तो माणूस रजेवर आहे. कोड मर्ज झालाय आणि तिकीट अजून In Review मध्ये आहे. प्राधान्य High आहे आणि नाव कुणाचंच नाही. एक तिकीट दुसऱ्याला अडवतं असं जोडलंय, त्यातलं अडवणारं तिकीट संपलं तरी दुसरं थांबूनच आहे. बोर्ड उजवीकडून डावीकडं वाचत आलात, म्हणजे Done पासून सुरुवात करून, तर हे सगळं लवकर दिसतं. संपायला आलेल्या कामावर आधी नजर पडते, आणि अडलेलं काम तिथंच सगळ्यात महाग पडतं.

आता तो मंगळवार घेतो. स्प्रिंट शुक्रवारी संपणार होता. उद्दिष्ट एकच होतं: परराज्यात जाणाऱ्या मालाचं ई-वे बिल डिस्पॅच चलनावरूनच थेट निघावं. आपल्या भागात हे रोजचं काम. उद्यमबागेतून निघालेला ट्रक तुमच्या निपाणीवरून पुढं कोगनोळी ओलांडून कोल्हापूरला गेला की माल आंतरराज्य होतो. विकणाऱ्याचा राज्य कोड २९, घेणाऱ्याचा २७, म्हणून सीजीएसटी-एसजीएसटी न लागता आयजीएसटी लागतो, आणि माल पन्नास हजारांच्या वरचा असेल तर ई-वे बिल हवं. फाउंड्रीवाल्याला या एका गोष्टीची घाई होती.

सकाळी ९:२० ला माझ्यासमोर जे होतं ते असं.

DSP-212, ई-वे बिलाच्या सर्व्हरशी जोडणी. ती जीएसपी, म्हणजे जीएसटीच्या यंत्रणेशी जोडून देणारी मध्यस्थ कंपनी, हिच्यामार्फत होते. गेल्या सोमवारपासून In Progress, म्हणजे कामाचे सहा दिवस. स्थिती हललेली नाही, अडथळ्याचा झेंडाही लावलेला नाही. पण काल दुपारी दोन कॉमेंट आल्या होत्या. दुसरीत लिहिलं होतं, 'जीएसपीकडून चाचणी खात्याचं युजरनेम-पासवर्ड अजून नाही.'

DSP-215, ग्राहकाचा राज्य कोड. आज In Progress, कालही In Progress. History उघडल्यावर काल ११:१० ला रिव्ह्यूत गेल्याचं आणि १६:४० ला परत आल्याचं दिसलं.

DSP-218, चलनाची छपाई. काल संध्याकाळी Done. त्याचं उपतिकीट DSP-221, पीडीएफमधला कन्नड फाँट, उघडं.

DSP-219, गाडी नंबरची तपासणी. बुधवारपासून In Review. रिव्ह्यू ज्यांच्याकडं त्या ताई सोमवारपासून रजेवर, गुरुवारी कामावर येणार.

DSP-224, लॉगिनच्या पानाचा रंग. Done. उद्दिष्टाशी संबंध नाही.

DSP-226, काल १७:५० ला ग्राहकानं उघडलेलं. High. चलनावर तारीख एक दिवस मागची येते. नाव कुणाचंच नाही.

हे जमवायला मला सात-आठ मिनिटं लागली. लिहायला घेण्याआधी दोन फोन केले. त्या फोनांबद्दल नीट सांगायला हवं, कारण नवीन लीड इथं हमखास घसरतो. DSP-212 सहा दिवस बसलंय हे ट्रॅकर सांगतो. का बसलंय हे तो सांगत नाही. कॉमेंटवरून अंदाज येतो, पण कॉमेंट काल दुपारची आहे, त्यानंतर पासवर्ड आला असेलही. 'पासवर्ड न आल्यामुळे अडलंय' असं तुम्ही ठामपणे लिहिलंत आणि तो काल रात्रीच आला असेल, तर काम करणारा मुलगा सगळ्यांसमोर तुमची ओळ खोडणार. त्या दिवसानंतर तुमचा सारांश कुणी विश्वासानं वाचत नाही. जूनमध्ये तर आणखी एक गोष्ट असते. आमचा एक जण खानापूरकडून घरून काम करतो. पाऊस लागला की तिकडं तास न् तास वीज नसते, तिकीट हलत नाही, आणि त्यात त्याची काडीची चूक नसते. म्हणून कारण लिहायचं असेल तर एक तर माणसाला विचारून लिहायचं, नाही तर 'सोमवार दुपारच्या कॉमेंटनुसार' असं उगमासकट लिहायचं. स्वतःच्या मनानं कारण जोडायचं नाही. त्या दिवशी फोनवर कळलं की पासवर्ड खरंच आलेला नव्हता. जीएसपीकडं विनंती ग्राहकाच्या अकाउंट्स विभागानं करायची होती आणि ती अजून गेलीच नव्हती. दुसरा फोन DSP-215 साठी. पत्त्यात राज्याचा रकाना रिकामा असला तर प्रोग्राम कंपनीचंच राज्य धरत होता. नवीन ग्राहकांना बरोबर कोड यायचा. कोल्हापूरच्या जुन्या ग्राहकांच्या नोंदींत तो रकाना रिकामा, म्हणून त्यांना २९ लागत होता.

मग हा सारांश गेला:

> मंगळवार सकाळी ९:२० ची स्थिती. सोमवार ९:१५ पासूनचे बदल.
>
> शुक्रवारचं उद्दिष्ट (परराज्य ई-वे बिल) धोक्यात. DSP-212 कामाचे सहा दिवस In Progress. जीएसपीच्या चाचणी खात्याचा पासवर्ड नाही, ग्राहकाकडून विनंतीच गेलेली नाही (आज सकाळी विचारून). ग्राहकाच्या अकाउंट्सशी आज बारापर्यंत कोण बोलणार ते ठरवायचंय.
>
> DSP-215 काल रिव्ह्यूतून परत आलं. जुन्या नोंदींत राज्य रिकामं असेल तर २७ ऐवजी २९ लागतो. आज दुपारी पुन्हा रिव्ह्यूला.
>
> DSP-219 बुधवारपासून In Review, रिव्ह्यूअर गुरुवारी येणार. आजसाठी दुसरा रिव्ह्यूअर हवा.
>
> DSP-226 नवीन, High, कुणाकडंच नाही: चलनावर आदल्या दिवसाची तारीख. कोण घेणार?
>
> DSP-218 Done दिसतंय, पण DSP-221 (कन्नड फाँट) बाकी. छपाई पूर्ण धरू नये.
>
> पूर्ण: DSP-224.

सहा तिकिटं, मिनिटभराचं वाचन. यातल्या चार ओळींत कुणाला तरी आज काहीतरी करायचं आहे. वाचणारा माणूस शोधत असतो तो हेच: 'यात माझ्यासाठी काही आहे का?' मॅनेजरांनी वाचलं आणि स्टँडअप सुरू व्हायच्या आधीच ग्राहकाच्या अकाउंट्सना फोन लावला. 'DSP-212 In Progress' एवढंच लिहिलं असतं तर ते बुधवारी संध्याकाळी, डेमोच्या तयारीच्या वेळी, लक्षात आलं असतं.

क्रम कसा लावला ते बघा. माणसांप्रमाणं लावला नाही. 'अमक्यानं काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हा तीन प्रश्नांचा साचा सगळीकडं रुळलाय, पण स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीतून ते तीन प्रश्न काढलेत. पंधरा मिनिटांची मर्यादा आणि उद्दिष्टाकडं प्रगती बघणं हे मात्र ठेवलंय. मी स्वतः माणसांप्रमाणं सारांश लिहून पाहिला आहे, दीडेक वर्ष. प्रत्येकाच्या नावाखाली काहीतरी दिसलं पाहिजे म्हणून लोक एका कामाची तीन तिकिटं करायला लागले. काहीजण संध्याकाळी जाता जाता उगाच तिकीट सरकवायचे. बोर्ड भरभरून हलत होता आणि काम होतं तिथंच होतं. त्यांना दोष देत नाही, मी तसं मोजायला लागलो म्हणून ते तसे वागले. तेव्हापासून ओळ तिकिटाची लिहितो, आणि माणूस फक्त पुढचं पाऊल त्याच्याकडं असेल तरच येतो.

भाषेबद्दल एक सांगतो, कारण आपल्याकडं हा प्रश्न रोजचा आहे. आमच्या सहाजणांत दोघं हुक्केरीकडचे, घरी कन्नड बोलणारे. सकाळचं बोलणं मराठी-कन्नड मिसळून छान चालतं, पण लेखी सारांश साध्या इंग्रजीत जातो, तिकिटंही इंग्रजीतच. इथं तुमच्यासाठी मराठीत मांडला. तुम्ही कुठल्याही भाषेत लिहा, पण स्थितीची नावं बोर्डावर जशी आहेत तशीच ठेवा. मी एकदा In Review चं 'तपासणीत आहे' असं लिहिलं. एकाला वाटलं कोडचा रिव्ह्यू चाललाय, टेस्टिंगवाल्या ताईंना वाटलं आपल्याकडं आलंय. त्या दिवसभर शोधत बसल्या. 'जवळजवळ झालं', 'थोडंसं बाकी' हे शब्दही सारांशात नकोत. बोर्डावर असा खाना नाही, आणि प्रत्येकाचं 'थोडंसं' वेगळं असतं.

Done या शब्दाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्यानं मला चांगलाच धडा दिलाय. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका टीमचा सारांश लिहायचो. तिथं कोड मर्ज झाला की तिकीट आपोआप Done मध्ये जायचं, असा नियम कुणीतरी लावून ठेवला होता. मला तो माहीत नव्हता. बिलाच्या कराची एक चूक Done दिसली, मी सारांशात 'दुरुस्त' लिहिलं, मॅनेजरांनी ते वाचून ग्राहकाला कळवलं. कोड मर्ज झाला होता खरा, पण ग्राहकाच्या सर्व्हरवर चढलेला नव्हता. ग्राहकानं त्या भरवशावर माल भरला, बिल काढलं, आणि त्यावर जुनीच चूक. तिथल्या डिस्पॅचच्या माणसाच्या ते वेळेत लक्षात आलं म्हणून गाडी फाटकातच थांबवली. पाच तास भरलेला ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर बिचारा बसून. बोर्डानं खोटं सांगितलं नव्हतं. त्या बोर्डावर Done चा अर्थ 'मर्ज झालं' एवढाच होता, आणि मी त्याचा अर्थ 'ग्राहकाकडं चालू झालं' असा केला. तुमच्या बोर्डावरची तिकिटं आपोआप सरकवणारे काय काय नियम लावलेत ते ऑटोमेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन आजच वाचा. आणि बाहेरच्या माणसाच्या कानावर जाणारी गोष्ट असेल तर 'Done' सोबत 'मर्ज', 'चाचणी सर्व्हरवर' की 'ग्राहकाकडं' हे लिहाच.

वरची फिल्टरं सेव्ह करून ठेवा. मागच्या सारांशाची वेळ तेवढी रोज बदलायची. आमच्या इथं मला एकूण बारा ते पंधरा मिनिटं लागतात, त्यातली निम्मी फोनवर. टीमला एकच विनंती करा: सव्वानऊच्या आधी आपापली तिकिटं खरी जिथं आहेत तिथं सरकवायची. स्टँडअपला उभं राहून बोर्ड दुरुस्त होत असेल तर तुमचा सारांश कालचाच राहणार, त्याला इलाज नाही. काहीच हललं नाही असा दिवसही येतो. गणपतीच्या आठवड्यात आमच्याकडं अर्धी टीम गावाला असते. त्या दिवशी 'सोमवारपासून बदल नाही, बसलेली तिकिटं तीच: DSP-212, DSP-219' एवढी एक ओळ पाठवा. भर घालून पानभर करू नका. उद्या खरंच पानभर असेल तेव्हा लोक वाचायला हवेत.

पहिले दोन आठवडे स्टँडअप झाल्यावर पाच मिनिटं एक वही घेऊन बसा. स्टँडअपमध्ये बोललं गेलं पण सारांशात नव्हतं असं काय होतं, ते लिहायचं. सारांशात होतं पण त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही, तेही लिहायचं. दुसऱ्या प्रकारच्या ओळी पुढच्या आठवड्यापासून गाळा. पहिल्या प्रकारचं तेच ते तीनदा आलं तर ते ट्रॅकरवर का नाही, याचा शोध घ्या. आमच्या वहीत चाचणीचा सर्व्हर बंद पडल्याची नोंद आठवड्यात चारदा आली. रोज कुणी ना कुणी तासभर थांबायचं, आणि त्या कामाचं तिकीटच नव्हतं, कारण ते कुणाचंच काम नव्हतं. आम्ही त्याचं तिकीट उघडलं, एकाच्या नावावर केलं. दुसऱ्याच दिवशी सारांशात ते सगळ्यात वर आलं.